दान विकायचं नाही

गेल्या दिवाळीत वाईला गेले होते, तेव्हाची गोष्ट. जेवणं आटोपली होती, माजघरातला पंखा सावकाश फिरत होता आणि आत्या भिंतीला टेकून नातीबरोबर अष्टाचंगा खेळत होती. फोनवर. तो अष्टाचंगा मी बनवलेला. एकच फोन दोघींच्या मध्ये, एकदा हिच्या हातात, एकदा तिच्या. कवड्या खुळखुळल्या की सई ओरडायची, आत्या तिला गप्प करायची आणि स्वतःच हसायची. मी दारात उभी राहून पाहत होते. आपण केलेली वस्तू आपण समोर नसताना कुणीतरी मनापासून वापरतंय, हे असं चोरून पाहण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही. पण पाहता पाहता लक्षात आलं, की आत्यानं फोन विचित्र धरलाय. डाव्या हाताचा अंगठा पडद्याच्या तळाशी आडवा टेकवलेला, काचेपासून जेमतेम दोरा जाईल एवढा वर. खेळ पुढे सरकत होता, पण अंगठा तिथून हलत नव्हता. पुरणपोळीचं तूप लागलेल्या बोटांनी ती दुसऱ्या हाताने सोंगटी सरकवत होती, आणि हा अंगठा तसाच राखणीला.

मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, खाली ती पट्टी असते ना. सई एकदा दान टाकायला गेली तर चुकून दाबली, आणि कर्जाचं काहीतरी उघडलं. पाच मिनिटांत पैसे म्हणे. खेळावर तुझं नाव आहे, म्हणून मी कुणाला बोलले नाही. तू कर्जाचं कधीपासून बघायला लागलीस?"

मी तिला समजावलं, की ती जाहिरात आहे, ती मी निवडत नाही, तिच्याशी माझा संबंध नाही. तिने मान हलवली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. पुण्याला परतताना खंबाटकीच्या बोगद्याजवळ बस थांबत थांबत पुढे सरकत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढून तो अंगठा हलत नव्हता. संबंध नाही, असं मी म्हणाले होते. ते खरं नव्हतं. ती पट्टी तिथे मीच लावली होती, पट्टीची जागाही मीच ठरवली होती.

हा खेळ मी शिकले तो आत्याच्याच घरी. शहाबादी फरशीवर खडूने पाच गुणिले पाच घरं आखायची, मधल्या आणि कडेच्या घरांवर फुल्या मारायच्या. कवड्या नसल्या तर चिंचोके. चिंचोका दगडावर घासून घासून त्याचे दोन भाग करायचे, की एक बाजू पांढरी आणि एक काळी होते. असे चार अर्धे चिंचोके मुठीत खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे तितकं दान, चारही पांढरे पडले तर चंगा, आणि सगळे काळे पडले तर आठ, म्हणजे अष्टा. चंगा किंवा अष्टा पडला की पुन्हा टाकायला मिळायचं. खेळ बनवताना मी खऱ्या चिंचोक्यांचा आवाज त्याच फरशीवर रात्री साडेअकराला, सगळं घर झोपल्यावर, रेकॉर्ड केला होता. एका टोकाला पाल चुकचुकते ती अजून त्या आवाजात आहे, कान देऊन ऐकलं तर.

नोकरी सांभाळून, रात्री आणि रविवारी मिळून, हा खेळ पुरा व्हायला वर्ष गेलं. गूगल प्लेवर वैयक्तिक खातं उघडायचं तर एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात, ते भरले. नव्या वैयक्तिक खात्यांना खेळ सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान बारा माणसांनी सलग चौदा दिवस चाचणीत सामील राहावं लागतं. माझ्या त्या बाराजणांत आत्या होती. तिला 'टेस्टर' हा शब्द फार आवडला. गल्लीत तिने तो सगळ्यांना सांगितला. मग ऑगस्टमध्ये खेळ बाहेर आला, फुकट, खाली जाहिरातीची पट्टी आणि डाव संपला की पूर्ण पडदा व्यापणारी एक जाहिरात. हे असं का ठेवलं, तर विचारच केला नव्हता. सगळे असंच करतात म्हणून केलं. वर्षभर सोंगटीच्या सावलीचा कोन ठरवत बसलेल्या माणसाने पैशाचा प्रश्न शेवटच्या शनिवारी दोन तासांत उरकला.

वाईहून आल्यावर त्याच आठवड्यात मी पहिल्यांदा नीट हिशेब मांडला.

तेव्हा खेळ साधारण चौदाशे फोनांवर उतरला होता. रोज खेळणारे दोनशेच्या आसपास, महिन्यात एकदा तरी खेळणारे नऊशे. एक डाव बारा मिनिटांचा, माणशी दिवसाला दोन डाव, म्हणजे रोज चारशे डाव. खालची पट्टी मिनिटाला बदलायची, म्हणजे डावाला बारा जाहिराती, दिवसाला अठ्ठेचाळीसशे. प्रत्यक्षात तीन हजारच दिसायच्या, कारण खेळायला नेट लागत नाही हे कळल्यावर बरेच लोक डेटा बंद करून खेळतात. पट्टीच्या हजार जाहिरातींमागे मला सहा रुपये मिळत होते. म्हणजे दिवसाला अठरा रुपये. पूर्ण पडद्याची जाहिरात रोज अडीचशे वेळा दिसायची आणि तिचा भाव हजारामागे पंचेचाळीस रुपये, म्हणजे दिवसाला सव्वाअकरा. दोन्ही मिळून महिन्याला पावणेनऊशे रुपये. मिळकत शंभर डॉलरपर्यंत साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, म्हणजे या वेगाने पहिली रक्कम हातात यायला दहा महिने लागणार. दहा डॉलर झाले तेव्हा पत्ता खरा आहे का हे तपासायला पोस्टाने पिन आला होता. तो लिफाफा मी अजून जपून ठेवला आहे. या सगळ्या धंद्यातली माझ्या हाताला लागलेली तोवरची एकमेव गोष्ट ती.

भाव एवढा कमी का, याचं उत्तर सोपं आहे. जाहिरात देणारा पैसे मोजतो ते पाहणारा पुढे किती खर्च करू शकेल या अंदाजावर. माझे खेळाडू बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडचे, घरातला जुना फोन वापरणारे. त्याच जाहिरातीला अमेरिकेतल्या माझ्या मोजक्या खेळाडूंमागे कितीतरी पट भाव दिसायचा. माझा खेळ तोच, पाल तीच.

आणि एक गोष्ट आकड्यांतच लपलेली होती, जी मला आत्याच्या अंगठ्यानंतर दिसली. पट्टीवर दाबणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या महिन्यात शंभराला सहा होतं. मला तेव्हा आनंद झाला होता. एरवी पट्टीवर शंभरातून एखादाच दाबतो, तोही क्वचित. सहा म्हणजे लोकांना जाहिराती आवडतायत असं नव्हतं, दान टाकायचं बटण पट्टीच्या अगदी डोक्यावर होतं आणि लोकांची बोटं चुकत होती. महिनाअखेरीला मिळकत पक्की होताना त्यातली मोठी रक्कम अवैध दाब म्हणून वजा झाली. ते योग्यच होतं. चूक माझी होती. बटण आणि पट्टी यांत निदान बोटभर जागा सोडायला हवी होती. दाबण्याचं प्रमाण अचानक चढलेलं दिसलं की आधी आपला पडदा हातात घेऊन पाहावा, तोही लहान मुलाच्या हातात देऊन. घरच्यांना 'जरा दाबत जा' असं तर चुकूनही सांगू नये. तशाने खातंच बंद पडू शकतं. स्वतः तपासतानाही चाचणीच्या जाहिराती वापराव्या लागतात, त्यांचे क्रमांक वेगळे असतात.

बरोबरच्या एका मित्राचं मत होतं, की सरळ किंमत लावायची आणि मोकळं व्हायचं. पन्नास रुपये भरा, खेळ घ्या. मलाही हे मनातून सर्वात स्वच्छ वाटतं. जत्रेत लाकडी भोवरा घेतो तसं. पण फुकट म्हणून एकदा प्रसिद्ध केलेला खेळ गूगल प्लेवर नंतर विकतचा करता येत नाही. उलट करता येतं, विकतचा फुकट होतो. मला किंमत लावायची तर नव्या नावाच्या पॅकेजने नवा खेळ टाकावा लागणार, म्हणजे ते चौदाशे फोन, त्या प्रतिक्रिया, सगळं मागे सोडून. शेवटच्या शनिवारचे ते दोन तास किती महागात पडले ते तेव्हा कळलं. खेळ बाहेर काढण्याआधी ठरवायची एकच गोष्ट असेल तर ती ही.

पण समजा सुरुवातीलाच किंमत लावली असती, तरी? मला थ्रीजची गोष्ट आठवते. २०१४ च्या फेब्रुवारीत आलेला तो आकडे सरकवायचा छोटा खेळ. दोन-तीन माणसांनी वर्षाहून जास्त काळ घासून पुसून केलेला, आणि विकतचा. महिन्याभरात इटलीतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने २०४८ हा त्याच घराण्यातला खेळ वेबवर फुकट टाकला, आणि आज रस्त्यावर दहा जणांना विचारलं तर दहांना २०४८ माहीत असतो. थ्रीजवाल्यांनी पुढच्या वर्षी जाहिरातींची एक फुकट आवृत्तीही काढली. तिच्यात जाहिरात पाहून पुढचे डाव मिळवायचे. माझा खेळ तर कुणाचाच नाही, शेकडो वर्षांचा आहे. त्याला दारावर तिकीट लावलं असतं तर शेजारचा फुकट अष्टाचंगा लोकांनी उतरवला असता आणि माझी पाल कुणी ऐकलीच नसती. शिवाय विकत घेतल्यावर दोन तासांच्या आत सहज पैसे परत मागता येतात, आणि माझा डाव बारा मिनिटांत संपतो. मोठ्या गोष्टीच्या, आठ-दहा तास चालणाऱ्या खेळाला ही सोय त्रासाची नाही. छोट्या खेळाला आहे.

आता राहिला तिसरा रस्ता, खेळाच्या आत विकायचं. आणि इथे मी जी चूक केली, ती सांगायलाच हा लेख लिहायला बसले आहे.

खेळांच्या कंपनीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने माझा खेळ दहा मिनिटं खेळून पाहिला आणि म्हणाला, "तुझ्याकडे सोन्याची खाण आहे. दान आवडलं नाही तर पुन्हा टाकायला द्यायचं. एक जाहिरात बघा, पुन्हा टाका. ज्यांना घाई आहे त्यांना दहा रुपयांत वीस दानं विक." त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. बक्षिसाची जाहिरात माणूस स्वतःहून बघतो, पूर्ण बघतो, म्हणून तिला भाव सगळ्यात जास्त. कुणाच्या अंगावर ती येत नाही. पट्टीसारखी ती सईच्या बोटाखाली सापडत नाही. मला ती खरोखर सभ्य वाटली. नोव्हेंबरमध्ये मी पट्टी काढली आणि हे बटण घातलं. विकत दानं तेवढी ठेवली नाहीत, म्हटलं आधी जाहिरातीवर पाहू.

पैसे यायला लागले. रोज सव्वाशेच्या आसपास माणसं पुन्हा टाकायला जाहिरात बघायला लागली. हजारामागे एकशेदहा रुपये. पट्टीने जेवढं यायचं, त्याच्या पाऊणपट या एका बटणाने यायला लागलं आणि पडद्याचा तळ मोकळा झाला. पहिला आठवडा मी खुशीत होते.

दुसऱ्या आठवड्यात प्रतिक्रिया यायला लागल्या. 'आधी दान चांगलं पडायचं, आता मुद्दाम वाईट पाडतात.' 'आठ पडतच नाही, जाहिरात बघितली की पडतं.' 'खेळ छान होता, आता फसवतात.' मी रात्री एक वाजता कोड उघडून बसले. दान पाडणारा भाग मी ऑगस्टपासून हातही लावलेला नव्हता. चार कवड्या, प्रत्येकीची उघडी किंवा पालथी पडायची शक्यता निम्मी. चारही पालथ्या पडायची शक्यता सोळात एक. मी दहा हजार दानं पाडून मोजली. आठ यायला हवे होते सहाशे पंचवीस वेळा, आले सहाशे एकतीस वेळा. जाहिरातीनंतरची वेगळी मोजली, तीही तशीच. मी प्रत्येक प्रतिक्रियेखाली शांतपणे लिहिलं, की दान पूर्ण योगायोगाने पडतं, त्यात काही बदललेलं नाही. कुणाचा विश्वास बसला नाही.

सुरुवातीला मला राग आला. सोळात एक म्हणजे लागोपाठ तीस वेळा आठ न पडणं ही काही नवलाची गोष्ट नव्हे, सात जणांत एखाद्याला तसं होतंच. फरशीवर चिंचोके टाकताना हे सगळं व्हायचं आणि कुणी चिंचोक्यांवर आरोप केला नाही. उलट आत्या चिंचोक्यांना कपाळाला लावून 'पड रे बाबा' म्हणायची. मग माझं आता काय वेगळं होतं?

वेगळं हे होतं, की फरशीवर दान वाईट पडलं तर त्यात कुणाचाच फायदा नव्हता. माझ्या खेळात आता होता. दान वाईट पडलं की लोक जाहिरात बघत होते आणि जाहिरात बघितली की मला अकरा पैसे मिळत होते. मी दान वाईट पाडत नव्हते, पण वाईट दान पडावं असं वाटायला मला कारण तयार झालं होतं. खेळाडूंनी कोड वाचला नव्हता, त्यांनी मला वाचलं होतं. आणि खरं सांगायचं तर एका रात्री, महिन्याचा आकडा बघून झाल्यावर, माझ्या मनात येऊन गेलं होतं, की शेवटच्या घरात शिरायला नेमकं जे दान हवं असतं ते जरा कमी पडलं तर? चार ओळींचं काम होतं. मी ते केलं नाही. पण ते मनात आलं हे मी विसरू शकत नाही, आणि पट्टीच्या दिवसांत असलं काही माझ्या मनात कधीच आलं नव्हतं.

तेव्हापासून मी हा प्रश्न वेगळ्या बाजूने बघते. जाहिरात, आतली विक्री, आधी किंमत, यांत कुठून पैसे जास्त येतात हे मोजता येतं, पण त्याआधी विचारावं, की या मार्गाने मला पैसे मिळतात तेव्हा खेळणाऱ्याचं नेमकं काय झालेलं असतं? त्याचा डाव रंगलेला असतो, संपलेला असतो, की अडलेला असतो? तो अडल्यावर मला पैसे मिळणार असतील तर उद्या मी त्याला अडवायला शिकणार. धावायच्या, उड्या मारायच्या खेळात मेल्यावर पुन्हा जिवंत करणारी जाहिरात चालून जाते, कारण तिथे हरणं आपल्या हाताने होतं आणि खेळणाऱ्याला ते दिसतं. कवड्यांच्या खेळात सगळा विश्वास दानावर असतो. तिथे पट विकता येईल, सोंगट्या विकता येतील, दान विकता येणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा टाकायचं बटण काढून टाकलं. पाच घरांचा पट कायमचा फुकट ठेवला. पूर्ण पडद्याची जाहिरात ठेवली, पण डाव पुरता संपल्यावर, तीन डावांतून एकदा, आणि नव्या माणसाला पहिले पाच डाव अजिबात नाही. दोन डावांच्या मध्ये जी भांडणं होतात, 'तू चाल लपवलीस', 'पुन्हा एक, पुन्हा एक', ती माझ्या मते खेळाचाच भाग आहेत, म्हणून जाहिरात त्या आधी नाही तर नवा डाव मांडायला कुणी नाही म्हणून बाहेर पडताना यावी असं मला वाटत होतं. पण बाहेर पडणाऱ्याला अडवणं आणखी वाईट. शेवटी निकालाच्या पडद्यानंतर ठेवली. (डाव सुरू होता होता किंवा मध्येच अशी जाहिरात अंगावर टाकायला गूगल प्लेचे नियमही २०२२ पासून मनाई करतात.) कर्ज आणि तसले आणखी काही वर्ग बंद केले. प्रत्येक वर्ग बंद केला की भाव लावणारे कमी होतात आणि दर थोडा उतरतो, तो उतरला.

आणि एक वस्तू विक्रीला ठेवली. नव्व्याण्णव रुपये, एकदाच. त्यात जाहिराती कायमच्या बंद आणि सात घरांचा मोठा पट, जो आमच्याकडे फक्त लग्नाच्या आदल्या रात्री, जागायचं असलं की आखायचे. गूगल त्यातले पंधरा टक्के ठेवून घेतं, माझ्या हाती चौऱ्याऐंशी रुपये. महिन्याला अकरा माणसांनी घेतला तर जाहिरातींचे पावणेनऊशे भरून निघतात. नऊशे खेळाडूंत अकरा म्हणजे शंभरात सव्वा माणूस. हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा मला पहिल्यांदा मोकळं वाटलं. लाखो खेळाडू असतील तर जाहिरातीचे पैसे आपसूक साचतात. आपल्याकडे नऊशे असतील तर त्यांतल्या अकरा जणांना तो पट मनापासून हवासा वाटला पाहिजे, आणि ते काम मला येतं. एकोणतीस रुपये ठेवावेत का, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण तेवढ्यासाठी तिप्पट माणसं लागतात, आणि माझा अनुभव असा, की पैसे भरायच्या पडद्यापर्यंत जो येतो तो वीस-पन्नास रुपयांकडे बघून परत फिरत नाही. परत फिरतो तो यूपीआय घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर आहे म्हणून.

पहिल्या महिन्यात नऊ जणांनी घेतला. त्यातल्या दोघांचे पैसे तीन दिवसांनी आपोआप परत गेले. नागपूरच्या एका काकांनी मेल लिहिला, 'मॅडम, पैसे खात्यात परत आले आणि जाहिराती पुन्हा सुरू झाल्या, माझं काही चुकलं का?' त्यांचं काही चुकलं नव्हतं. खरेदी झाली की ती मिळाल्याची पोच खेळाने तीन दिवसांत द्यावी लागते, `acknowledgePurchase` म्हणतात तिला. दिली नाही तर गूगल खरेदी रद्द करून पैसे परत करतं. मी ती पोच फक्त खरेदीच्या पडद्यावर देत होते. या दोघांचा व्यवहार काही वेळ अडकून होता, तेवढ्यात त्यांनी खेळ बंद केला, आणि पैसे नंतर पोचले तेव्हा पोच द्यायला कुणी जागेच नव्हतं. आता खेळ उघडला की दर वेळी `queryPurchasesAsync` ने जुन्या खरेद्या विचारून घेते आणि पोच राहिलेली असेल तर तिथेच देते. ऑर्डरींच्या यादीत खरेदीनंतर नेमक्या तीन दिवसांनी परतावा दिसायला लागला, की दोष तिथेच असतो. काकांनी पुन्हा घेतला. मेलमध्ये लिहिलं, की त्यांच्या आई याला चल्लस म्हणायच्या.

दुसऱ्या महिन्यात चौदा, तिसऱ्यात सात. जाहिरातींचे शंभरेक वेगळे. म्हणजे सरासरी काढली तर एकूण पैसा साधारण आधीइतकाच. वर्षभराच्या रात्रींची भरपाई यातून होणार नाही, आणि दहापट खेळाडू झाले तरी यावर नोकरी सोडता येणार नाही. दान वाईट पडतं अशी तक्रार मात्र जानेवारीनंतर एकही आली नाही. दान पाडणारा कोड अजूनही ऑगस्टचाच आहे.

पाडव्याला पुन्हा वाईला गेले. आत्याच्या फोनवर यूपीआय नाही, कार्ड नाही, तो फोनच मुलाने वापरून झालेला. विक्रीच्या वस्तूंसाठी दर तीन महिन्यांना पाचशे मोफत कोड काढता येतात, त्यातला एक मी तिच्यासाठी घेऊन गेले होते. तिच्या फोनवर टाकून दिला. मोठा पट उघडला. तिने चष्मा वर-खाली करून तो पाहिला, फुल्या मोजल्या, एक फुली चुकीच्या घरात आहे म्हणाली, मग नाही म्हणाली, बरोबर आहे.

"हा किती रुपयांना आहे गं?"

"तुला फुकट आहे, आत्या. तू टेस्टर आहेस."

"लोकांना किती आहे ते विचारलं."

"नव्व्याण्णव."

ती उठली, देव्हाऱ्याजवळच्या डब्यातून शंभराची नोट काढून आणली आणि माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत राहिले. दुकानात वाटून द्यायला बसलीयस का, म्हणाली. नोटेला हळदीचा वास होता. मग ती भिंतीला टेकून बसली, सईला हाक मारली, फोन मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"एक रुपया परत दे."

माझ्या पर्समध्ये सुटे नव्हते. मी स्वयंपाकघरात वहिनीकडे रुपया मागायला गेले, तोवर बाहेर चिंचोके खुळखुळले.